दर तासाला म्हणजे तासाच्या ठोक्याला नव्हे

औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे आमचं काम चालू होतं. त्यांच्या ४८ शाखा, सगळ्यांची बिलं एकाच मध्यवर्ती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. आमच्याकडे काम एवढंच की, प्रत्येक शाखेचा नवा डेटा दर तासाला तिथून उचलून रिपोर्टसाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये आणून ठेवायचा. यालाच आपण सिंक म्हणतो. शाखा ४८, म्हणून सिंकही ४८.

काही दिवसांनी काउंटरवरून तक्रारी यायला लागल्या. बिल सेव्ह होत नाही, स्क्रीन फिरत राहते, दहा मिनिटांनी आपोआप ठीक होतं. आम्ही सर्व्हरचा आलेख काढून बघितला. तासाभराची सरासरी अगदी निवांत होती, म्हणून आम्ही नेटवर्ककडे बोट दाखवलं. शेवटी एका शाखेतला बिलं करणारा मुलगा फोनवर म्हणाला, "सर, बरोबर तासाला होतं. दहाला, अकराला, बाराला. तुम्ही घड्याळ लावून बघा ना."

घड्याळ लावून बघितलं. दहाला पाच सेकंद कमी असताना डेटाबेसचा लॉग उघडून बसलो, आणि दहा वाजताच ही ओळ भराभर उमटायला लागली:

```
FATAL:  sorry, too many clients already
```

पोस्टग्रेस एका वेळी किती कनेक्शन घेणार, याला मर्यादा असते. ती वाढवली नसेल तर १०० असते, आणि इथे ती कोणी वाढवली नव्हती. बिलिंगचं सॉफ्टवेअर नेहमीची ३५ कनेक्शन धरून बसलेलं होतं. आमचा प्रत्येक सिंक दोन कनेक्शन उघडायचा. ४८ सिंक एकाच क्षणी सुटले की ९६ कनेक्शनची मागणी, वर बिलिंगची ३५, म्हणजे १३१. दारात जागा १०० जणांची. जे बाहेर राहिले त्यात आमचे काही सिंक होते आणि काउंटरवरची बिलंही होती. आत शिरलेल्यांचंही बरं चाललं नव्हतं. एकटा चालवला तर दोन मिनिटांत संपणारा सिंक त्या गर्दीत नऊ मिनिटं घ्यायचा, कारण सगळे एकाच डिस्कवर तुटून पडलेले.

आता हे सगळे एकाच क्षणी सुटत का होते? कारण आम्हीच तसं लिहिलं होतं. लिनक्सवर ठरावीक वेळी काम चालवणाऱ्या सोयीला क्रॉन म्हणतात, आणि त्यात वेळ अशी लिहितात:

```
0 * * * *  /opt/sync/run.sh shakha-12
```

पहिला आकडा मिनिटाचा. पुढचे चार तास, तारीख, महिना आणि वार यांचे. तारा म्हणजे "कोणताही चालेल". म्हणून ही ओळ सांगते: कोणताही तास असो, त्याच्या शून्याव्या मिनिटाला हे काम चालव. क्रॉन मिनिटाला एकदा जागा होतो आणि त्या मिनिटाची सगळी कामं एकदम सोडून देतो. ४८ ओळींत पहिला आकडा शून्य असेल, तर ४८ कामं एकाच सेकंदाला सुटतात.

मागणी काय होती? "दर तासाला डेटा हवा." आम्ही लिहिलं काय? "तासाच्या ठोक्याला डेटा हवा." या दोन वाक्यांतलं अंतर कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण शून्य हा आकडा कोणी विचार करून निवडलेला नसतो. तो हाताला सवयीने येतो. जो तो याच सवयीने लिहितो, म्हणून गर्दी फक्त आपल्या ४८ कामांची नसते. गिटहबवर ठरावीक वेळी काम चालवण्याची सोय आहे. तिच्या माहितीपत्रातच लिहिलं आहे की, तासाच्या सुरुवातीला ताण जास्त असतो, काम उशिरा सुरू होऊ शकतं, म्हणून तासातलं दुसरं एखादं मिनिट निवडा. डेबियन लिनक्समध्ये तर दर तासाची अंतर्गत कामं मुळातच १७व्या मिनिटाला लावलेली येतात.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट भर घालते. भारताची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. क्लाउडवरची बरीच वेळापत्रकं यूटीसीवर चालतात, त्यामुळे तिथला तासाचा ठोका आपल्या घड्याळात अर्ध्या तासाला पडतो. स्थानिक वेळेवरची कामं दहाला आणि यूटीसीवरची साडेदहाला. आपण डेटा उचलतो त्या डेटाबेसवर तासाला दोनदा लाट येत असेल तर आधी हे तपासा.

उपाय ऐकायला अगदी साधा आहे. प्रत्येक सिंकला शून्याऐवजी स्वतःचं मिनिट द्यायचं. या सरकवलेल्या मिनिटांना ऑफसेट म्हणतात. पण कोणाला कोणतं मिनिट द्यायचं हे ठरवण्याआधी एक छोटा हिशेब करावा, कारण मिनिटं वाटून नक्की काय साध्य होणार आहे ते त्यावरून कळतं.

आमच्या ४८ शाखांपैकी ४५ लहान होत्या. त्यांचा सिंक गर्दी नसताना दोन मिनिटांत व्हायचा. तीन शाखा मोठ्या, त्यांना १४ मिनिटं लागायची. एकूण काम झालं ४५ गुणिले २ आणि ३ गुणिले १४, म्हणजे ९० अधिक ४२, एकूण १३२ मिनिटं. हे काम ६० मिनिटांच्या तासात बसवायचं आहे. १३२ भागिले ६० म्हणजे २.२. कामं अगदी समान पसरली, तर कोणत्याही क्षणी सरासरी २.२ सिंक चालू असतील. आम्ही जिथे ४८ जण एकदम घुसवत होतो, तिथे खरी गरज दोन-तीन जणांच्या जागेची होती. हा आकडा १ च्या आत आला तर कामं एकामागून एक लावूनही भागेल. तो ३०-४० आला, तर मात्र ऑफसेट देऊन काही होणार नाही. तेव्हा कामच जास्त आहे, आणि मग सिंक कमी वेळा चालवणं किंवा फक्त बदललेल्या ओळी उचलणं याकडे वळावं लागतं.

आता मिनिटं वाटू. तासातली चारने भाग जाणारी मिनिटं मोकळी सोडली: ०, ४, ८, १२ असं ५६ पर्यंत. ती १५ झाली. उरली ४५ मिनिटं आणि आपल्या लहान शाखाही ४५. पहिली शाखा १ला, मग २, ३, चार सोडून ५, ६, ७, आठ सोडून ९, अशी शेवटची ५९ला. लहान सिंक दोन मिनिटांचा असल्यामुळे कोणत्याही क्षणी जास्तीत जास्त दोन लहान सिंक चालू. मोठ्या तिघी त्या मोकळ्या मिनिटांतून निवडल्या: ४, २४ आणि ४४. त्यांच्यात २० मिनिटांचं अंतर आणि काम १४ मिनिटांचं, म्हणून मोठी शाखा मोठीच्या अंगावर कधी येत नाही. दोन लहान, एक मोठी, म्हणजे जास्तीत जास्त तीन सिंक आणि सहा कनेक्शन. आधी हीच ९६ होती. शून्यावं मिनिट मुद्दाम रिकामं ठेवलं, कारण बिलिंग सॉफ्टवेअरची स्वतःची काही कामं तासाच्या ठोक्याला चालायची आणि ती आमच्या हातात नव्हती.

तासाला एकदापेक्षा जास्त चालणाऱ्या कामांनाही हीच रीत लागू होते. दर पंधरा मिनिटांसाठी सगळे `*/15` लिहितात, त्याचा अर्थ ०, १५, ३०, ४५. त्याऐवजी `7-59/15` लिहिलं की ७, २२, ३७, ५२ मिळतात, अंतर तेच राहतं. मात्र `*/7` असं काही लिहिताना जपा. क्रॉन मोजणी दर तासाला नव्याने शून्यापासून सुरू करतो, म्हणून ५६ नंतर सात मिनिटांनी नव्हे, चारच मिनिटांनी पुढचं काम सुटतं. आणि हे असे सगळे पुन्हा शून्यावरच येऊन भेटतात.

हाताने मिनिटं वाटणं ४८ शाखांना जमतं. पुढे ४९वी शाखा उघडते, मग ६०वी, आणि ती नवी ओळ लिहिणारा माणूस जुनी कोणतीतरी ओळ कॉपी करतो. हळूहळू गर्दी परत जमते. म्हणून ऑफसेट आपोआप ठरावा असं वाटतं, आणि पहिली कल्पना सुचते ती ही की, सगळ्यांना शून्यालाच सोडू पण सुरुवातीला प्रत्येकाला मनाला येईल तेवढा वेळ थांबायला लावू. मीही तेच केलं होतं:

```
0 * * * *  sleep $((RANDOM % 3000)); /opt/sync/run.sh shakha-12
```

ही ओळ चालतच नाही, आणि न चालण्याचं कारण कळायला मला अर्धा दिवस लागला. क्रॉनच्या ओळीत `%` ला वेगळा अर्थ आहे. क्रॉन तिथे ओळ तोडतो, आणि पुढचा मजकूर कामाला इनपुट म्हणून देतो. त्याच्या आधी `\` टाकला तरी पुढे दुसरी अडचण असते: `RANDOM` ही सोय बॅशची आहे, आणि क्रॉन बऱ्याच ठिकाणी बॅशऐवजी साध्या शेलमध्ये काम चालवतो.

ही दुरुस्ती केली तरी मूळ कल्पना मला पटत नाही. दर वेळी वेगळा थांबा घेतला, तर एका तासात सिंक ४९व्या मिनिटाला चालेल आणि पुढच्या तासात पहिल्याच मिनिटाला. दोन सिंकमधलं अंतर कधी १२ मिनिटं, तर कधी जवळजवळ पावणेदोन तास. "शाखा १२चा डेटा किती जुना असू शकतो?" या प्रश्नाला नीट उत्तरच राहत नाही. शिवाय रात्री काही बिघडलं तर ते कोणाच्या शेजारी चालत असताना बिघडलं, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा घडवून बघता येत नाही.

हवं आहे ते असं मिनिट, जे शाखेनुसार वेगळं असेल पण त्या शाखेसाठी कायम तेच राहील. ते शाखेच्या नावातूनच काढता येतं. नावाच्या अक्षरांवर ठरलेलं गणित करून मोठा आकडा काढायचा, त्याला ६० ने भागायचं आणि बाकी हेच मिनिट मानायचं:

```python
import zlib

def offset(name):
    return zlib.crc32(name.encode("utf-8")) % 60
```

इथे पायथनचं स्वतःचं `hash()` वापरू नका. मजकुरासाठी ते प्रोग्रॅम दर वेळी सुरू झाल्यावर वेगळं उत्तर देतं, म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळ्या शाखांची मिनिटं बदलतात. `crc32` आज, उद्या आणि दुसऱ्या मशीनवरही तेच उत्तर देतं. जेनकिन्स वापरणाऱ्यांनी मिनिटाच्या जागी `H` लिहिलेलं पाहिलं असेल. त्यामागे हीच कल्पना आहे, तिथे कामाच्या नावावरून मिनिट ठरतं. सिस्टिमडीच्या टायमरमध्ये `RandomizedDelaySec=` सोबत `FixedRandomDelay=true` लिहिलं की थांबा एकदाच ठरतो आणि मग तोच राहतो.

नावावरून काढलेली मिनिटं हाताने वाटल्याइतकी समान मात्र पसरत नाहीत. ४८ शाखा ६० मिनिटांत अशा टाकल्या तर साधारण २७ मिनिटं रिकामी राहतात, आणि एखाद्या मिनिटाला तीन, क्वचित चार शाखा येतात. आमच्या डेटाबेसला तेवढं सहज झेपतं, त्यामुळे लहान शाखांसाठी आम्ही पुढे हीच पद्धत ठेवली. मोठ्या तिघींची मिनिटं मात्र आजही हातानेच दिलेली आहेत. दोन १४ मिनिटांची कामं एकावर एक येणं हे गणिताच्या भरवशावर सोडायचं नाही.

इथपर्यंत काम अर्ध्या दिवसाचं आहे. खरा धोका यानंतर येतो, आणि तो एररचं रूप घेऊन येत नाही.

आमचे जुने सिंक डेटा असा उचलायचे: "आत्तापासून मागच्या एका तासात बदललेल्या ओळी दे." दहाला चाललेला सिंक ९ ते १० उचलायचा, अकराचा १० ते ११. बरोबर जुळायचं. एका शाखेचं मिनिट आम्ही शून्यावरून १७ केलं. बदल केला सकाळी साडेदहाला, म्हणजे दहाचा सिंक होऊन गेला होता. पुढचा चालला ११:१७ला. त्याने मागचा एक तास उचलला: १०:१७ ते ११:१७. मग १०:०० ते १०:१७ या वेळातली बिलं कोणी उचलली? कोणीच नाही. कुठे एरर आली नाही, दोन्ही सिंक हिरवे दिसत होते, आणि त्या शाखेची १७ मिनिटांची विक्री रिपोर्टमधून गेली. महिनाअखेरीला हिशेब लावताना तफावत निघाली तेव्हा कळलं.

दोष ऑफसेटचा नव्हता. "मागचा एक तास" हा हिशेब घड्याळावर टेकलेला होता, आणि आम्ही घड्याळच सरकवलं. सिंकने आपण कुठवर वाचलं आहे याची खूण स्वतःजवळ ठेवायला हवी, पुस्तकात पान दुमडून ठेवतो तशी. प्रत्येक शाखेसाठी एक वेळ साठवायची, समजा १०:००:००. पुढच्या खेपेला तिथपासून पुढचं सगळं वाचायचं, मग ती खेप ११:००ला येवो की ११:१७ला. वाचून झालं आणि डेटा पलीकडे पोचला की खूण पुढे सरकवायची, त्याआधी नाही. ही खूण नसेल तर ऑफसेट बदलूच नका, आधी ती करून घ्या.

त्यातही एक बारकावा आहे. बिलावर "बदलल्याची वेळ" म्हणून १०:१६:५८ पडते, पण डेटाबेसमध्ये ते पक्कं होतं १०:१७:०३ला. १०:१७:००ला वाचणाऱ्या सिंकला ते दिसत नाही. आपण खूण १०:१७:०० वर नेली, की ते बिल कायमचं मागे राहिलं. म्हणून आम्ही खुणेच्या पाच मिनिटं अलीकडून वाचायला सुरुवात करतो. काही ओळी दोनदा येतात, पण बिलाचा क्रमांक आधीच असेल तर नवी ओळ न घालता जुनीच अद्ययावत करायची असं लिहिलं की दुहेरी विक्री दिसत नाही.

दुसरा फरक रिपोर्ट बघणाऱ्यांना जाणवतो. एका शाखेतून दुसरीकडे माल पाठवला, १०:०० ला. पाठवणाऱ्या शाखेचा सिंक १०:०५ला, घेणारीचा १०:५३ला. मधली ४८ मिनिटं रिपोर्टमध्ये माल पहिल्या शाखेतून गेलेला दिसतो, दुसरीत आलेला दिसत नाही. एकूण साठा कमी दिसतो आणि गोदामात फोनाफोनी सुरू होते. सगळे एकदम सुटायचे तेव्हा ही तफावत जाणवण्याइतकी मोठी नसायची. यावर आम्ही केलं ते असं: एकूण साठ्याचा रिपोर्ट सगळ्या शाखांच्या खुणांमधली सर्वांत जुनी वेळ घेतो, तिथपर्यंतचाच हिशेब दाखवतो, आणि ती वेळ वर ठळक छापतो. "९:५८ पर्यंतचा साठा." आकडा थोडा जुना असतो, पण आतून जुळणारा असतो.

मालकांचा प्रश्न वेगळा होता. ते रोज सव्वादहाला विक्री बघायचे. पूर्वी त्यांना सगळ्या शाखांचा दहापर्यंतचा आकडा मिळायचा, आता एखाद्या शाखेचा ९:१८चा मिळत होता. दिवसभर कधीही रिपोर्ट उघडणाऱ्याला ऑफसेटने काही फरक पडत नाही, डेटा सरासरी अर्धा तास जुना असतो तो तसाच राहतो. ठरावीक वेळी बघणाऱ्याला मात्र फरक पडतो, आणि ही किंमत लपवू नये. १३२ मिनिटांचं काम सहा-सहा सिंक बरोबर चालवून २२ मिनिटांत उरकतं, बारा कनेक्शनमध्ये. आम्ही मालकांसाठी सकाळी ९:५०ला तशी एक जादा फेरी लावली, त्या तासापुरते नेहमीचे सिंक बंद ठेवले. सव्वादहापर्यंत सगळ्या शाखांचा ताजा आकडा तयार असतो.

सगळं बसल्यावर एका दुपारी डेटाबेस वीस मिनिटं बंद पडला. त्या वेळात ज्यांची पाळी होती ते सगळे सिंक अपयशी झाले, आणि प्रत्येकाने ठरल्याप्रमाणे पाच-पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न चालू ठेवला. शिवाय वेळापत्रक चालवणारा आमचा सर्व्हरही कोणीतरी रीस्टार्ट केला, तेव्हा चुकलेली सगळी कामं भरून काढायला तो एकदम सरसावला. डेटाबेस उठला आणि उठताक्षणी पुन्हा आडवा झाला.

शेतीची ज्यांना माहिती आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. गेलेली वीज परत आली की ऑटोस्विच लावलेले सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, रोहित्रावर ताण येतो आणि डीपी जळते. म्हणून महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढायला सांगत असतं. ऑफसेट नेहमीच्या दिवसाचं वेळापत्रक ठरवतो. वीज आल्यावरच्या पहिल्या मिनिटावर त्याचा काही ताबा नसतो.

तिथे दोन गोष्टी लागल्या. पुन्हा प्रयत्न करताना थांबा दर वेळी दुप्पट करायचा आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळायचा. इथे मात्र यादृच्छिक वेळच हवा, कारण एकदम पडलेल्यांना एकमेकांपासून सुटं करायचं असतं. आणि दुसरी, जी मी आता पहिल्या दिवशीच लावतो: कितीही सिंकची पाळी आलेली असो, सकाळची ती जादा फेरी सोडली तर एका वेळी चारपेक्षा जास्त चालणार नाहीत, बाकीचे रांगेत थांबतील. रांग रोज किती लांब होते तेही आम्ही नोंदवतो. नेहमीच्या दिवशी ती बहुतेक वेळ रिकामी असते. गेल्या महिन्यात २४व्या मिनिटानंतर ती रोज दोन-तीनने वाढलेली दिसायला लागली, तेव्हा बघितलं तर चौथ्या मिनिटाला सुटणाऱ्या मोठ्या शाखेचा सिंक १४ऐवजी २६ मिनिटं घेत होता आणि २४व्या मिनिटाच्या मोठ्या शाखेच्या अंगावर येत होता. तिच्या टेबलवरचा एक इंडेक्स कोणीतरी काढून टाकला होता.